खोके दरवर्षी उशिरा आणि नरम येतात? पुरवठादाराशी काय, कधी आणि कसं बोलायचं

पावसजवळ आमचं आंबा पॅकिंगचं काम आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत आम्हाला दोन डझनी पुठ्ठ्याचे खोके लागतात आणि ते कोल्हापूरच्या एका छोट्या कारखान्यातून येतात. सलग चार हंगाम एकच दुखणं चालू होतं. झाडावरून आंबा उतरलेला, बायका पॅकिंगला बसलेल्या आणि खोक्यांची गाडी मात्र आलेली नाही. किंवा गाडी आली, माल भरून वाशीला गेला, आणि दुसऱ्या दिवशी अडत्याचा फोटो आला: थप्पीतली खालची रांग बसलेली, खोक्याची पोटं बाहेर आलेली, आतला आंबा दबलेला.

हे दुखणं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. खोक्यांच्या जागी काजूच्या पिशव्या असतील किंवा सरबताच्या बाटल्या, तपासणी वेगळी होईल, पण पुरवठादाराशी बोलायची रीत फार बदलणार नाही.

आधी काय करत होतो ते सांगते, कारण बहुतेक ठिकाणी हेच चालतं. गाडी आली नाही की मी कारखान्याच्या मालकांना फोन करायची. आवाज चढायचा. ते म्हणायचे, "ताई, गाडी भरतीय, सकाळी पोचती करतो." सकाळची संध्याकाळ व्हायची. मे संपला की हिशेब व्हायचा, थोडे पैसे कापले जायचे, दोन्हीकडे मन खट्टू व्हायचं. मग पाऊस लागला की सगळं विसरायचं आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा तोच फोन. चार वर्षांत मी त्यांना एकदाही लिहून सांगितलं नव्हतं की नेमक्या किती गाड्या उशिरा आल्या, किती उशिरा, आणि नरम म्हणजे किती नरम. मलाच ते माहीत नव्हतं.

बोलण्याआधी वही

म्हणून मागच्या हंगामात एक वही ठेवली. प्रत्येक गाडीला एक ओळ. मागणी कधी दिली, माल कधी हवा होता, बिलावरची तारीख, गाडी आमच्या दारात कधी लागली, माल कधी उतरला, किती बंडलं मागवली, किती आली. शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण, पण ते गाडीचालकाला किंवा कारखान्यातल्या माणसाला विचारून. आपल्याला वाटलं ते नाही.

हंगामात बारा गाड्या आल्या. माझ्या वहीप्रमाणे त्यातल्या पाच ठरल्या दिवशी पूर्ण माल घेऊन उतरल्या आणि सात उशिरा. हा आकडा घेऊन मी फोन केला तर मालक म्हणाले, "आमच्याकडे बारातल्या नऊ वेळेवर आहेत." आधी वाटलं खोटं बोलतायत. मग त्यांची बिलं आणि माझी वही शेजारी ठेवली आणि कळलं की दोघंही खरं बोलत होतो. ते बिलाची तारीख धरत होते, म्हणजे माल कारखान्यातून सुटला तो दिवस. मी धरत होते खोका आमच्या गोदामात उतरला तो दिवस. मधल्या चार गाड्यांचा फरक हा निव्वळ व्याख्येचा होता. चार वर्षं आम्ही ज्यावरून भांडलो ती गोष्ट कधी ठरलेलीच नव्हती.

त्या चार गाड्यांचं पुढे काय झालं? दोन गाड्यांत आमचा माल पूर्ण गाडीभर नव्हता, म्हणून वाहतूकवाल्याने रत्नागिरीकडचा दुसरा माल मिळेपर्यंत गाडी थांबवून ठेवली. उरलेल्या दोन आंबा घाट उतरून त्याच दिवशी आमच्या दारात लागल्या होत्या, पण सहा वाजून गेल्यावर. आमचे गडी घरी गेलेले, माल दुसऱ्या दिवशी उतरला. राहिल्या तीन, ज्या बिलाप्रमाणेही उशिरा सुटल्या. त्यातल्या दोन माझ्यामुळे. एकदा मी तीन दिवसांवर मागणी दिली आणि एकदा छपाईचं डिझाइन मागणी दिल्यानंतर बदललं. खरोखर कारखान्यामुळे उशीर झालेली गाडी एकच, त्यांच्याकडे कागदाचं रीळ संपलं तेव्हाची.

सातातली एक. आणि मी चार वर्षं "तुमच्या मशीनवर माझं काम मागे पडतं" हेच बोलत होते.

बारा गाड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य. पण कुठल्या दाराशी जाऊन बोलायचं हे कळायला तेवढ्या पुरल्या.

नरम म्हणजे किती नरम

वेळेचं मोजणं सोपं आहे. दर्जाबद्दल आपण फार ढोबळ बोलतो. "माल हलका आला", "पुठ्ठा नरम आहे" असं म्हटलं की समोरचा "कागद तोच आहे" म्हणून मोकळा होतो. त्यामुळे तीन तपासण्या ठरवल्या. तिन्ही माल उतरताना, गाडीशेजारीच करायच्या. दहा दिवसांनी केल्या तर दोष कारखान्याचा की आपल्या गोदामाचा हे सांगता येत नाही.

पहिली वजनाची. आमचा खोका पाच प्लायचा, साधारण चाळीस सेंटीमीटर लांब, तीस रुंद, वीस उंच, आणि पाचही थर १५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणाऱ्या, कागदाचे. असा खोका खळ धरून ६८० ग्रॅमच्या आसपास भरतो. वेगवेगळ्या बंडलांतून दहा खोके काढायचे, एकत्र वजन करायचं, दहाने भागायचं. सरासरी ६५०च्या खाली गेली तर कुठल्या तरी थराला हलका कागद लागला आहे असं समजायला जागा आहे.

पण नुसत्या वजनावर विसंबू नका. ओला पुठ्ठा जड भरतो, आणि हलक्या कागदाचा दमट खोका वजनात अगदी बरोबर उतरू शकतो. म्हणून दुसरी तपासणी ओलाव्याची. दोन पिना टोचून ओलावा दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते घेतलं. आठ-दहा टक्क्यांपर्यंत पुठ्ठा कडक असतो. बाराच्या पुढे गेला की बोटाने दाबल्यावर कळतं. कोकणात हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुठ्ठा हवेतला दमटपणा शोषतो आणि फार दमट हवेत त्याची थप्पी पेलायची ताकद निम्म्यावरही येऊ शकते.

तिसरी तपासणी चिकटवणीची. खोक्याचा एक कोपरा फाडायचा आणि वरचा कागद आतल्या नागमोडी थरापासून सोलायचा. कागदाचे तंतू ओढून, फाटून निघाला तर चिकटवणी चांगली. पापडासारखा अलगद सुटून आला आणि आत खळीच्या नुसत्या रेघा दिसल्या, तर खळ धरलेलीच नाही किंवा माल पुरता वाळायच्या आत बांधून पाठवला आहे.

इथे एक गोष्ट सांगते, जी मला फार उशिरा कळली. कारखानदार 'बर्स्टिंग'चा आकडा सांगतात. तो पुठ्ठा फुटायला किती दाब लागतो ते दाखवतो. आपला खोका फुटत नाही, बसतो. आमच्या गाडीत आठ थरांची थप्पी लागते. भरलेला खोका साडेसात किलो धरला तर तळातल्या खोक्यावर सात खोक्यांचे साडेबावन्न किलो येतात. त्यात महामार्गावरचे हिसके, रात्रीचा दमट वारा आणि आंबा स्वतः सोडतो तो ओलावा. त्यामुळे खोका किमान त्याच्या चौपट, म्हणजे दोनशे किलोंच्या वर वजन पेलणारा हवा. या आकड्याला 'कॉम्प्रेशन' म्हणतात आणि तो वेगळा मागावा लागतो. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर भरलेल्या आठ खोक्यांची थप्पी रात्रभर ठेवा आणि सकाळी तळातल्या खोक्याच्या बाजू बघा. पोट आलं असेल तर तो माल वाशीला धाडू नका.

बारापैकी चार गाड्या या तपासणीत नापास झाल्या. दोनमध्ये चिकटवणी सुटत होती. एकीत खोका ६१० ग्रॅम भरला. एकीत उतरतानाच ओलावा तेरा टक्के होता.

मग मी दोन पानं शेजारी ठेवली, वेळेचं आणि दर्जाचं. नापास झालेल्या चारही गाड्या उशिरा आलेल्या सातांतल्याच होत्या. चिकटवणी सुटलेल्या दोन म्हणजे माझ्या घाईच्या मागणीची आणि डिझाइन बदललेली. कारखान्याने रात्री खोके बनवले आणि सकाळी बांधून पाठवले, वाळायला वेळच मिळाला नाही. ६१० ग्रॅमची गाडी रीळ संपलेल्या आठवड्यातली, हाताशी होता तो हलका कागद लावला गेला. तेरा टक्के ओलाव्याची गाडी दुसऱ्या मालाची वाट बघत ताडपत्रीखाली उभी राहिली होती. मी दोन तक्रारी समजत होते, त्या एकाच दुखण्याच्या दोन बाजू निघाल्या.

आणि आमच्या गोदामाचंही सांगायला हवं. नऊ टक्क्यांनी उतरलेला माल दहा दिवसांनी पुन्हा तपासला तर चिऱ्याच्या भिंतीला टेकलेल्या बंडलांमध्ये चौदा टक्के निघाले. खाली फरशी, मागे दमट भिंत, रात्रभर खिडक्या उघड्या. तो नरमपणा कोल्हापूरचा नव्हता. आता खाली लाकडी फळ्या टाकतो, भिंतीपासून हातभर जागा सोडतो आणि आधी आलेलं बंडल आधी काढतो.

गाडीची हरकत वेगळी, हंगामाचा अभिप्राय वेगळा

हे दोन कागद एकत्र करू नका. एखादी गाडी खराब निघाली तर त्याच दिवशी इमेल करायचा: चलन क्रमांक, काय तपासलं, किती भरलं, फोटो, आणि तुम्हाला काय हवं आहे (बदली माल, सूट की परत नेणं). फोनवर सांगितलेलं पुरत नाही, आणि याला कायद्याचंही कारण आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं आणि पैशांची मुदत तिथून सुरू होते. लेखी हरकत घेतली असेल तर ती दूर झाल्याच्या दिवसापासून.

त्याच कायद्याची दुसरी बाजू खरेदीदाराला टोचणारी आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही आणि करारच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आमचा करार नव्हता. तोंडी तीस दिवस ठरलेले, आणि मी वाशीचा हिशेब हातात आला की द्यायची, म्हणजे पन्नास-साठ दिवसांनी. समोरच्याच्या उशिराबद्दल पत्र लिहायला बसले तेव्हा हे आधी लिहावं लागलं.

हंगामाचा अभिप्राय मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवला. तेव्हा दोघांचीही धावपळ संपलेली असते आणि आठवणी ताज्या असतात. पत्र असं होतं:

> आदरणीय दादा, सप्रेम नमस्कार.
>
> यंदाच्या हंगामात आपल्याकडून बारा गाड्या आल्या. त्यांची नोंद सोबत जोडली आहे. पाच गाड्या ठरल्या दिवशी पूर्ण उतरल्या, सात उशिरा. सातांपैकी दोन आमच्यामुळे (एकदा मागणी तीन दिवसांवर दिली, एकदा डिझाइन बदललं), दोन दुसऱ्या मालासाठी थांबल्या, दोन आमचे गडी गेल्यावर पोचल्या आणि एक कागद संपल्यामुळे. चार गाड्यांतला माल तपासणीत कमी पडला. वजन, ओलावा आणि चिकटवणीच्या नोंदी आणि फोटो जोडले आहेत.
>
> ज्या पाच गाड्या वेळेवर आल्या त्यातला एकही खोका वाशीत बसल्याची तक्रार नाही. म्हणजे आपल्याकडे पुरेसा वेळ असला की माल उत्तम होतो, हे आमच्या अनुभवाने सांगते.
>
> आमच्याकडूनही चूक झाली आहे. पैसे ठरल्यापेक्षा उशिरा गेले. पुढील हंगामापासून माल उतरल्यापासून तीस दिवसांत देण्याचं लेखी ठरवू या.
>
> माझी विनंती दोन गोष्टींची आहे. 'वेळेवर' म्हणजे ठरल्या दिवशी दुपारी चारच्या आत पावसला माल उतरणं, हे दोघांनी मान्य करावं. आणि दर तीन महिन्यांनी आपण एकदा समोरासमोर बसावं, तासाभरासाठी. पहिली बैठक जूनअखेर आपल्या कारखान्यात ठेवू या, मी येते. मशीनचं वेळापत्रक जे लावतात त्यांनाही बसवावं ही विनंती.
>
> नोंदीत काही चुकलं असेल तर जरूर कळवा, दुरुस्त करते.

पत्रात "नेहमी", "दरवेळी", "तुमची माणसं" असे शब्द एकदाही आले नाहीत, ते मी मुद्दाम काढले. "नेहमी उशीर" असं लिहिलं की समोरचा वेळेवर आलेल्या पाच गाड्या दाखवतो आणि चर्चा तिथेच संपते. कौतुकाची ओळही खरी असेल तरच लिहा. मी लिहिली कारण ती वहीत दिसत होती, आणि तिच्यातूनच वेळ आणि दर्जा यांचा संबंध त्यांना कळला. शेवटची ओळ सर्वांत उपयोगी ठरली. त्यांनी खरोखर एक चूक काढली, एका गाडीची बंडलं मी कमी मोजली होती. ती दुरुस्त केल्यावर बाकीची नोंद त्यांनी न बोलता मान्य केली.

तिमाही बैठक, पण आंब्याच्या पंचांगाने

तिमाही म्हटलं की हिशेबनीस एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी सुचवतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये बैठक म्हणजे वेळेचा खून. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर ना मी कोल्हापूरला जाऊ शकते, ना त्यांना मशीन सोडवतं. म्हणून आम्ही असं ठरवलं. जूनअखेर हंगामाचा हिशेब. गणपतीनंतर, सप्टेंबरअखेर, कागदाचे भाव आणि खोक्याच्या मापात काही बदल करायचा असेल तर तो (गणपतीत आमच्याकडे कोणी कामाला मिळत नाही, त्यामुळे त्याआधी काही ठरवण्यात अर्थ नाही). डिसेंबरमध्ये, मोहोर दिसू लागल्यावर, हंगामाचा अंदाज. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या दोन गाड्यांची तपासणी बघून शेवटच्या दुरुस्त्या. महिने सारखे वाटले गेले नाहीत, पण प्रत्येक बैठकीला काहीतरी ठरवण्यासारखं आहे.

पहिल्या बैठकीत जे कळलं ते फोनवर कधीच कळलं नसतं. मशीनचं वेळापत्रक लावणारा तरुण मुलगा सरळ म्हणाला, "ताई, एप्रिलमध्ये ज्याचे पैसे आलेत त्याचा माल आधी चढतो." मालक अवघडले. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं, कारण चार वर्षांत पहिल्यांदा कोणी खरं कारण सांगितलं होतं. कागदाच्या गिरणीला त्यांना रोख द्यावे लागतात, माझे पैसे साठ दिवसांनी येतात, मग माझं रीळ कशातून आणायचं? माझ्या वहीत "रीळ संपलं" असं जे कारण होतं, त्याच्यामागे थोडी मीही होते.

दुसरी गोष्ट छपाईची निघाली. आमची पाच डिझाइनं होती, प्रत्येकाला वेगळा ब्लॉक, आणि ब्लॉक बदलायला मशीन थांबवावी लागते. थोड्याथोड्या खोक्यांसाठी कोणी मशीन थांबवत नाही, म्हणून मागण्या साठून राहायच्या. आम्ही पाचाची दोन केली आणि बाकीच्यांसाठी स्टिकर. एवढ्याने माझा किमान एक वाद कायमचा मिटला.

तिसरं, गाडीचं. अर्ध्या गाडीच्या चार मागण्यांपेक्षा पूर्ण गाडीच्या दोन देणं ठरलं. त्यासाठी आमच्याकडे माल ठेवायला कोरडी जागा हवी, म्हणून फळ्यांचं काम आधी करून घेतलं. मागणीची मुदत सात दिवस ठरली. त्याच्या आत मागितलं तर ते नाही म्हणू शकतात, आणि हो म्हटलं तरी माल एक दिवस वाळल्याशिवाय पाठवायचा नाही. ही अट मीच घातली.

बैठक एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. मार्चमध्ये ते पावसला आले आणि आठ थरांची थप्पी गाडीत कशी रचतात ते उभं राहून बघितलं. हमाल खालचा खोका पायाने सरकवतो, हेही बघितलं. आडव्या थरात एक खोका असा, दुसरा तसा रचला जात होता. ते म्हणाले, कोपऱ्यावर कोपरा येऊ द्या, खोक्याची ताकद कोपऱ्यात असते. एका पैशाचा खर्च नाही, आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

बैठक कुठे फसते

दोनदा फसता फसता राहिली, म्हणून सावध करते. पहिलं, भाव. सप्टेंबरला त्यांनी कागद महागल्याचा विषय काढला आणि तास त्यातच गेला. तेव्हापासून भावाची बोलणी वेगळ्या दिवशी, फोनवर. बैठकीत फक्त वही, मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टी झाल्या की नाही, आणि पुढच्या तीन महिन्यांचं काम. एका पानाच्या वर कागद न्यायचा नाही आणि तीनच्या वर निर्णय घ्यायचे नाहीत, प्रत्येकासमोर कोणी आणि कधीपर्यंत हे लिहायचं. बैठक संपताच ते पान फोटो काढून दोघांकडे.

दुसरं, अंदाज. डिसेंबरात मोहोर बघून मी अठरा हजार खोक्यांचा आकडा सांगितला. जानेवारीत अवेळी पाऊस झाला, मोहोर गळाला. त्यांनी तेवढा कागद भरून ठेवला असता तर नुकसान त्यांचं झालं असतं आणि पुढच्या वर्षी माझ्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. आता मी आकडा दोन भागांत देते: साठ टक्के पक्का, जो मी उचलणारच, आणि उरलेला फेब्रुवारीत फळ धरलेलं बघून. पक्क्या भागाचा थोडा आगाऊ पैसाही देते. त्या बदल्यात आमचा कागद ते वेगळा ठेवतात.

या सगळ्याला मर्यादा आहे. तुम्ही त्या कारखान्याचे फार लहान गिऱ्हाईक असाल तर कितीही नीट पत्र लिहिलं तरी एप्रिलमध्ये मोठ्याचा माल आधी चढेल. मी शेजारच्या दोन पॅकिंगवाल्यांना सोबत घेऊन एकाच मापाचा खोका ठरवायचा प्रयत्न करते आहे, अजून जमलेलं नाही. आणि सहा महिने नोंद ठेवून, दोन बैठका होऊनही तोच दोष तसाच येत राहिला, तर वीस-पंचवीस टक्के माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात करा, पण ते समोर बसून सांगा. गाडीवाल्याकडून कळलं तर संबंध तिथेच तुटतो.

यंदाच्या हंगामात अकरा गाड्या आल्या. नऊ चारच्या आत उतरल्या. उशिरा आलेल्या दोनांतली एक घाटात दुसऱ्या ट्रकच्या अपघाताने अडकली, आणि एकीची मागणी मी पाच दिवसांवर दिली होती. त्यांनी ती नाकारली नाही, पण एक दिवस वाळवून पाठवली. चिकटवणी एकदाही सुटली नाही. वजनात एक गाडी कमी आली, ६४० ग्रॅम. ती त्यांनी फोनवर आधीच सांगितली होती आणि आम्ही तो माल सहा थरांच्या वर रचला नाही.

जूनअखेरच्या बैठकीच्या पानावर आत्ता एकच मोठा विषय आहे. कॉम्प्रेशनची चाचणी प्रत्येक नव्या कागदाला करून घ्यायची, आणि तिचा खर्च कोणी द्यायचा ते ठरवायचं. मी निम्मा द्यायला तयार आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.